लूप न देता पाइप दोन भिंतींत घट्ट धरला तर काय बिघडतं?

निखिल: बॉयलरपासून शेजारच्या शेडपर्यंत ३० मीटरची सरळ स्टीम लाइन टाकायची आहे. चार इंची, शेड्यूल ४०, साधं कार्बन स्टील. प्रेशर १० बार, म्हणजे स्टीम १८४ अंशांच्या आसपास. लाइन बंद असताना ३० अंश धरा. दोन्ही टोकं काँक्रीटच्या भिंतींत अँकर होणार. आमचे सर लूपवर अडून बसलेत, म्हणजे लाइनला मध्ये यू आकाराचं वळण देऊन वाढीला वाव ठेवायचा. माझं मत वेगळं आहे: लूप म्हणजे चार बेंड, आठ वेल्ड आणि फुकट गेलेली जागा. त्यापेक्षा शेड्यूल ८० चा जाड पाइप घ्यावा आणि अँकर दणकट करावेत, म्हणजे पाइप वाढणारच नाही. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

विद्या: जाड पाइपने दुखणं कमी होत नाही, वाढतं. मोकळा सोडला तर हा पाइप ५४ मिमी लांब होईल. तुम्ही ती वाढ अडवलीत की ती सगळी दाब बनून धातूत बसते. तो स्ट्रेस E·α·ΔT एवढा असतो: E धातूचा ताठपणा, α दर अंशामागची वाढ आणि ΔT तापमानातला फरक. यात पाइपची जाडी नाही आणि लांबीही नाही. कार्बन स्टीलला दर अंशामागे साधारण २.४ मेगापास्कल पडतात. तुमची वाढ १५० अंशांची, म्हणजे हिशेबाने ३६० मेगापास्कल. नेहमीच्या ग्रेड बी पाइपची यील्ड, म्हणजे धातू कायमचा बदलायला लागतो ती हद्द, २४०.

आता भिंतीकडे बघा. शेड्यूल ४० चा पाइप यील्ड होईपर्यंत भिंतीला जवळपास ५० टनांनी रेटेल. शेड्यूल ८० घेतलात तर स्ट्रेस तोच राहील, पण धातू जास्त असल्याने रेटा ७० टनांवर जाईल. पैसे पाइपवरही जास्त गेले आणि भिंतीवरही.

हेमंत: विद्याताई, हिशेब बरोबर आहे, पण त्यातून ‘धरून ठेवणं चूकच’ असं निघत नाही. रेल्वेचे रूळ वेल्ड करून कित्येक किलोमीटर सलग टाकतात, मध्ये फट नसते. जमिनीखालच्या पाइपलाइनीही मातीत जखडलेल्या असतात. तिथे कोण लूप टाकतं? शिवाय भिंत काही शंभर टक्के कडक नसते. ती दोन-चार मिमी सरकली की स्ट्रेस उतरतो.

विद्या: हेमंतराव, भिंत सरकण्याचा मुद्दा तीन मीटरच्या तुकड्याला लागू पडतो. तिथे एकूण वाढच साडेपाच मिमी, त्यातले तीन मिमी भिंतीने दिले तर अर्धं काम झालं. म्हणून आखूड तुकडे वर्षानुवर्षं निभावून जातात आणि लोकांना वाटतं, लांब लाइनही निभावेल. इथे ५४ पैकी तीन मिमी गेले तर काय फरक पडणार?

रुळांचं म्हणाल तर ते मधल्या तापमानाला जखडतात, त्यामुळे वर किंवा खाली तीस-चाळीस अंशांचाच प्रश्न उरतो. आणि स्लीपर व खडी त्यांना दर हातभर अंतरावर बाजूने धरून असतात. जमिनीखालच्या पाइपला माती सगळ्या लांबीभर धरते. तुमच्या लाइनला असं कोण धरणार? सहा-सहा मीटरवर बाजूनेही अडवणारे गाइड दिले, तरी हा पाइप साधारण ३३ अंश वाढीतच आडवा वाकायला लागतो. लांबीचा खरा संबंध इथे येतो. स्ट्रेसला लांबी लागत नाही, पण बकलिंग, म्हणजे हे आडवं वाकणं, मात्र दोन गाइडमधल्या अंतराच्या वर्गाने बिघडतं. स्टीम सोडून पाच मिनिटंही झाली नसतील आणि लाइन सपोर्टवरून बाजूला सरकलेली दिसेल.

सुजाता: आमच्या गरम पाण्याच्या सीपीव्हीसी लाइनचं असंच झालंय. छताखाली सहा मीटर सरळ आहे, गीझर चालू केला की सापासारखी वाकते. म्हणजे तीही फुटणार का? जाड पाइप टाकू का?

विद्या: सुजाताताई, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सीपीव्हीसी स्टीलच्या पाचपट वाढतं, पण ते इतकं लवचीक असतं की स्ट्रेस किरकोळच राहतो. तुमचा पाइप बकल होतोय, म्हणून वाकतो. जाडी वाढवू नका. क्लॅम्प आवळलेले असतील तर सैल करा आणि एका टोकाला वळण द्या. भिंतीतून जातो तिथे सिमेंटने पक्का बुजवलेला असेल तर मात्र ती जागा तपासून घ्या.

रफीक: मी मेंटेनन्सचा माणूस. गाइड अगदी जवळजवळ मारून पाइपला वाकूच दिलं नाही तर काय होतं, ते सांगतो. अशी लाइन आमच्याकडे होती. चालू असताना थेंब नाही. शटडाउन घेतला, लाइन गार झाली की फ्लँज गळायचा. गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले, पुढच्या शटडाउनला पुन्हा तेच. सगळे प्रेशरमध्ये कारण शोधत होते.

विद्या: रफीकभाई, मोलाची गोष्ट सांगितलीत. निखिल, तुमच्याच आकड्यांवर बघा. पहिल्यांदा तापताना पाइप २४० ला यील्ड होतो आणि उरलेले १२० धातू कायमचा दबून गिळतो. म्हणजे पाइप आता किंचित आखूड झाला. थंड झाल्यावर भिंतींमधलं अंतर मूळचंच असतं, पण पाइपकडे तेवढी लांबीच उरलेली नाही. मग तोच पाइप दोन्ही भिंतींना आत ओढतो, १२० मेगापास्कलने, म्हणजे चोवीस-पंचवीस टनांनी. ती ओढ फ्लँजच्या बोल्टवर येते. गरम असताना कोरडा आणि गार झाल्यावर ओला फ्लँज दिसला की आधी अँकर तपासायचे, गॅस्केट नंतर.

निखिल: ही ओढ माझ्या डोक्यातच नव्हती. पण लूपने नेमकं काय होतं? वाढ तर तेवढीच राहते ना?

विद्या: वाढ तेवढीच, पण ती आता पाइपला दाबत नाही, लूपचे दोन पाय वाकवते. ५४ मिमी दोघांत वाटले, प्रत्येकाला २७. पायातला स्ट्रेस ढोबळमानाने 3·E·D·Δ/L² असतो; D पाइपचा बाहेरचा व्यास, Δ पायाच्या वाट्याची वाढ, L पायाची लांबी. पाय एक मीटरचा ठेवलात तर १८५० मेगापास्कल येतात, म्हणजे लूप असून नसल्यासारखा. पाइपिंग कोडच्या हिशेबाने या पाइपला साधारण २०७ ची मुभा मिळते. बेंडवर स्ट्रेस जास्त साठतो म्हणून मी कच्च्या हिशेबात १४० धरते, त्यावरून पाय ३.६ मीटरचा निघतो. अँकरवरचा रेटा तेव्हा सव्वाचारशे किलोच्या आसपास उरतो, वर सपोर्टवरचं घर्षण धरा. पन्नास टनांवरून अर्ध्या टनाच्या घरात आलो आपण. अंतिम आकडे मात्र सॉफ्टवेअरवर तपासून घ्या.

हेमंत: मग साडेतीन मीटर जागा अडवण्यापेक्षा बेलोज, म्हणजे पातळ पत्र्याच्या घड्यांचा लवचीक जोड, टाका की! ५४ मिमी एकच बेलोज घेईल, लाइन सरळ राहील.

रफीक: हेमंतभाऊ, बेलोज आला की प्रेशरचा थ्रस्टही आला. चार इंचीच्या बेलोजवर १० बारला बाराशे किलो, हायड्रोटेस्टला अठराशे. गाइड नीट नसले तर बेलोज बाजूला फुगून वाकडा होतो. आणि त्याचा पत्रा पाइपपेक्षा कितीतरी पातळ. लूप एकदा टाकला की त्याच्याकडे बघावं लागत नाही.

हेमंत: बाराशे किलो म्हणजे काही पन्नास टन नव्हेत. चांगला अँकर ते सहज घेतो. दरवर्षी तपासणी करणाऱ्या प्लांटमध्ये बेलोजला घाबरायचं कारण मला अजूनही दिसत नाही.

निखिल: लूप मान्य. पण बाजूला मला जेमतेम २.७ मीटर मिळतात. वरच्या दिशेला उभा लूप करू का?

विद्या: उभा केलात तर चढत्या पायाच्या तळाशी कंडेन्सेट, म्हणजे स्टीमचं झालेलं पाणी, साचेल; ते काढायला तिथे ड्रिप लेग आणि ट्रॅप लागेल. आडवाच ठेवा. त्यापेक्षा लाइनच्या मधोमध आणखी एक अँकर घ्या आणि दोन्ही अर्ध्या भागांत एकेक लूप द्या. प्रत्येक लूपला २७ मिमी, प्रत्येक पायाला साडेतेरा. पाय निम्मा होत नाही, कारण लांबी वर्गमुळाने उतरते. २.६ मीटर लागतील, म्हणजे तुमच्या जागेत अगदी काठोकाठ. लॅगिंगची, म्हणजे पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाची, जाडी धरून पुन्हा मोजा.

हेमंत: म्हणजे आठ बेंड आणि सोळा वेल्ड! निखिल, बेलोजचं कोटेशन तरी मागवा.