एका तासाने महिनाभराचा फरक

> दोघांचा नियम एकच, तर १९८५ साली व्हिएतनामचं नववर्ष चीनच्या महिनाभर आधी कसं आलं?

नियम असा, की ज्या चांद्रमासात दक्षिणायनान्ताचा दिवस पडतो तो ११वा महिना. म्हणून सहसा त्यानंतरच्या दुसऱ्या अमावास्येला नववर्ष येतं. (अमावास्येचा क्षण ज्या तारखेला येतो तीच तिथे प्रतिपदा, आपल्यासारखा सूर्योदय पाहत नाहीत.)

१९८४ साली सूर्य त्या बिंदूवर आला तेव्हा हनोईत २१ डिसेंबरचे रात्री ११:२३ झाले होते. बीजिंगचं घड्याळ एक तास पुढे, तिथे २२ तारीख लागून २३ मिनिटं झालेली. आणि नेमकी २२ डिसेंबरलाच अमावास्या! म्हणजे बीजिंगमध्ये अयनदिन नव्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी पडला आणि तो महिना ११वा ठरला. हनोईत अयनदिन सरत्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडला, त्यामुळे २२ तारखेला १२वा सुरू झाला.

पुढच्या अमावास्या २१ जानेवारी आणि २० फेब्रुवारीच्या. व्हिएतनामने पहिलीला तेत साजरा केला, चीनने दुसरीला नववर्ष. चीनने अधिक महिना १९८४ मध्येच, १०व्या महिन्यानंतर घेतला होता. व्हिएतनामने तो १९८५ मध्ये, दुसऱ्या महिन्यानंतर घेतला आणि मग दोन्ही पंचांगं पुन्हा जुळली.