'फ्रिक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

एरंडवणे: लष्करी इतिहासावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'फॉग ऑफ वॉर'ला युद्धाचं धुकं लिहिलंय. पण 'फ्रिक्शन'ला घर्षण म्हटलं की दोन सैन्यांची चकमक डोळ्यांसमोर येते. पहिल्याच गाठीत बेत का मोडतो, हे शब्दातून कळायला हवं.

सदाशिव पेठ: धुकं म्हणजे तोफांचा धूर आणि धूळ. फ्रिक्शन म्हणजे शत्रूने घातलेले अडथळे. सरळ 'अडथळे' लिहा.

नारायण पेठ: मी विसर्जन मिरवणुकीत वेळा सांभाळतो. एक ट्रॅक्टर बंद पडला की मागची सगळी मंडळं चौकात अडकतात. पण तिथे शत्रू कुठे असतो? म्हणजे हा शब्द आम्हाला लागू नाही.

खडकवासला: उलट तुमचंच उदाहरण नेमकं आहे. युद्धावर लिहिणारा प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेविट्झ, त्याला हेच म्हणायचं होतं: युद्धात सगळं सोपं असतं, पण सोपी गोष्टच अवघड होऊन बसते. त्यासाठी शत्रूच लागतो असं नाही.

पानिपत घ्या, 14 जानेवारी 1761. भाऊसाहेबांचा बेत गोलाचा होता, म्हणजे सगळ्या फौजेने एकमेकांना धरून, रचना न मोडता पुढे सरकायचं. डावीकडे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी, मध्ये हुजुरात म्हणजे पेशव्यांची खास फौज, उजवीकडे शिंदे-होळकर. गोल टिकतो तो सगळे एका चालीने सरकले आणि कुणी जागा सोडली नाही तरच. पण माणसं उपाशी, घोडी खंगलेली, आणि सोबत न लढणारी हजारो माणसं. पहिली गोळी सुटण्याआधीच चाल बिघडायला सुरुवात झाली होती. हे घर्षण.

मग गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना मागे रेटलं. ते पाहून विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार गोल सोडून पुढे धावले. समोर आपलीच माणसं आल्यावर तोफा डागायच्या कशा? रोहिल्यांच्या बंदुकांनी स्वार मागे फिरले, आणि गोलाला भगदाड पडलं ते पडलंच.

सदाशिव पेठ: मग धुकं कुठे आलं यात?

खडकवासला: दुपारी. अब्दालीने ताजी फौज मागे राखून ठेवली होती, तिचा अंदाज आपल्याकडे कुणाला नव्हता. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. लांबच्या शिपायांना दिसली रिकामी अंबारी. भाऊ त्या वेळी लढत होते, पण फौजेच्या लेखी ते गेले होते. हवा स्वच्छ असती तरी हे धुकं होतंच.

एरंडवणे: म्हणजे धुक्याने निर्णय चुकतो आणि घर्षणाने बरोबर निर्णयही वेळेवर अमलात येत नाही. मला 'खोळंबा' जवळचा वाटतोय.

खडकवासला: खोळंब्यात उशीर येतो, पण स्वारांची उतावीळ येत नाही. मी तरी घर्षणच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खुलाशाचं घालून.

सदाशिव पेठ: धुराचं मान्य. पण विंचूरकरांना गोल म्हणजे काय हे नीट समजावलं होतं का? नसेल, तर ते घर्षण की सरदारांची चूक? आणि होळकर मैदान सोडून गेले ते कशात बसवायचं?

खडकवासला: घोडदळाला गनिमी काव्याची सवय. नवी शिस्त अंगवळणी पडली नव्हती, म्हणून मी ते घर्षणातच धरतो. होळकरांचं मात्र मी कशातच बसवणार नाही. भाऊंनीच त्यांना निघायला सांगितलं होतं असं काही जण म्हणतात, काही जण ठाम नाकारतात.