मदत हवी आहे: आठवी-नववीच्या मुलांचं सर्वेक्षण, एथिक्स कमिटीला कव्हर लेटर

तेरणाकाठ: समाजकार्यात पीएचडी करते आहे. ऊसतोडीला आईवडील गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हा विषय. बीड जिल्ह्यातल्या चार शाळांत मराठी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्यायची आहे. कमिटीने कव्हर लेटर मागितलंय: संमती कशी घेणार आणि मुलांना त्रास होऊ नये म्हणून काय करणार.

दोन ठिकाणी अडले आहे. नववा प्रश्न मरून जावंसं वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याचा आहे. मुलांनी खरं लिहावं म्हणून कागदावर नाव नको, असं मला वाटतं. पण एखाद्या मुलीने ‘जवळजवळ रोज’वर खूण केली, तर तिला शोधायचं कसं? दुसरं, सर्वेक्षण हंगामातच घ्यावं लागणार आणि तेव्हा पालक फडावर असतात. सही कुणाची घ्यायची?

गुरुजी_केज: ताई, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, तेवढी पुरते. आमच्याकडे डोळे तपासणीला, जंतनाशक गोळीला तेवढंच लागतं.

संथवाहिनी: गुरुजी, ते शासनाचे आरोग्य कार्यक्रम आहेत, हे संशोधन आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचं दार उघडतं, पालकांची संमती त्यात येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती हवी आणि बारा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही हवा. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर त्या मुलाला घ्यायचं नाही.

तेरणाकाठ, मी अशा कमिटीत बसते. सर्वेक्षण हंगामात असलं तरी सह्या हंगामातच घ्यायला हव्यात असं नाही. टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरमध्ये गावात पालकसभा घ्या, माहितीपत्रक वाचून दाखवा. अंगठा असेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवा. आजी-आजोबांची सही ते कायदेशीर पालक असल्याशिवाय चालणार नाही. पालक आधीच निघून गेले असतील तर फोनवर संमती चालेल का, हे कमिटीलाच विचारा. ‘उत्तर आलं नाही म्हणजे संमती’ असं मात्र लिहू नका.

चाफेकळी: माझ्या लेकीच्या शाळेने असाच फॉर्म पाठवलाय, पण त्यात आमचं उत्पन्न आणि आधार क्रमांकही विचारलाय. भरायचा का?

संथवाहिनी: चाफेकळी, तो शाळेचा फॉर्म वेगळा, त्यासाठी वेगळा धागा काढा. संशोधनाचा असेल तर आधार कशाला हवा, हे आधी विचारा आणि तोवर तो रकाना कोरा ठेवा.

आकडेवाला: सोपा उपाय: नववा प्रश्न काढून टाका. आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरात आहेच. मग धोका उरत नाही आणि निनावी ठेवता येईल.

संथवाहिनी: पीएचक्यू-८ आहे, हे बरोबर. धोका उरत नाही, हे नाही. मुलं समासात लिहितात, कागद देताना कानात सांगतात. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. त्यामुळे ‘तुमची उत्तरं कुणालाही कळणार नाहीत’ हे वाक्य प्रश्न आठ असोत की नऊ, खोटंच ठरतं. ‘धोका नाही’ असंही लिहू नका. नववा प्रश्न असेल तर मी ‘किमानपेक्षा किंचित जास्त’ म्हणेन.

प्रश्न ठेवणार असाल तर निनावी न ठेवता कागदावर क्रमांक घाला. क्रमांक-नावाची यादी एकाच व्यक्तीकडे, वेगळ्या कुलपात. पत्रात साधारण असं लिहा:

‘प्रश्नावली भरताना शिक्षक वर्गात नसतील. भाग न घेणाऱ्या मुलांना त्याच आकाराचा शब्दकोड्याचा कागद दिला जाईल, म्हणजे कोण काय भरतंय हे शेजाऱ्याला कळणार नाही. शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक कागदाचा नववा प्रश्न पाहिला जाईल. उत्तर शून्य, म्हणजे ‘अजिबात नाही’, याखेरीज काहीही असल्यास समुपदेशक त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलतील. सुरक्षिततेचा प्रश्न आल्यास गोपनीयता मोडावी लागेल, हे मुलांना पेन हाती घेण्याआधी सांगितलं जाईल.’

समुपदेशक खरोखर शाळेत हजर असला पाहिजे. नुसता मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक छापलेला कागद देऊन कमिटीचं समाधान होत नाही. रेफर कुठे करणार, त्या रुग्णालयाचं संमतीपत्र जोडा.

आकडेवाला: पण आधीच असं सांगितलं तर निम्मी मुलं शून्यावर खूण करतील. आकडे खालीच येणार.

संथवाहिनी: काही मुलं करतील. ती मर्यादा प्रबंधात लिहायची. फसवून मिळवलेला आकडा मी मंजूर करणार नाही.

तेरणाकाठ: प्रश्न ठेवते आणि कागदावर क्रमांक घालते. एका वेळी एकच तुकडी घेतली तर त्याच दिवशी सगळे कागद बघून होतील. पालकसभा भाद्रपदातच लावते. एक राहिलं: मूल म्हणालं, ‘आजीला सांगू नका, आईलाही नको,’ तर?

संथवाहिनी: यावर आमच्या कमिटीतच दोन मतं आहेत. जीव धोक्यात असेल तर आईवडिलांना सांगावं लागतं, पण घरातलाच माणूस त्रासाचं कारण असेल तर आधी कुणाला कळवायचं हे समुपदेशक ठरवतात. पत्रात दोन्ही शक्यता लिहा आणि निर्णय कोण घेणार त्याचं पद लिहा. तिथे कमिटी प्रश्न विचारेलच.