मदत हवी आहे: ‘धोका दुप्पट’ आणि ‘धोका २६ टक्क्यांनी जास्त’, यात घाबरायचं कशाला?

शर्वरी५१
पाळी थांबून वर्ष झालं. अंगातून अचानक वाफा निघतात, घामाने रात्री तीन-चारदा जाग येते. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी सुचवली आणि वाचून, विचार करून या म्हणाल्या. वाचायला बसले आणि तिथेच अडकले.

एका लेखात अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीचे २००२चे निष्कर्ष दिलेत. या गोळीने फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका दुप्पट होतो आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, असं म्हटलंय. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. मग गुठळीचं संकट कर्करोगाच्या जवळपास चौपट समजायचं का? आणि २६ टक्के म्हणजे गोळी घेणाऱ्या शंभर जणींपैकी २६ जणींना कर्करोग होतो? तसं असेल तर डॉक्टर ही गोळी देतातच कशी? कोणी नीट समजावून सांगेल का?

निनाद_क
टक्केवारीवर विश्वासच ठेवू नका. बातमी खपवायला मोठा आकडा लागतो म्हणून टक्के छापतात. प्रत्यक्षात किती जणींना झालं तेवढंच बघा. मी वाचलंय त्यानुसार दहा हजारांत आठ जणी वाढल्या. म्हणजे काहीच नाही. बिनधास्त घ्या.

आकडेमोड
शर्वरीताई, वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीत मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची मोठी भीती काढून टाकू. शंभरातल्या २६ जणींना कर्करोग, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. त्या चाचणीत १६,६०८ बायका होत्या. साधारण निम्म्यांना खरी गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. औषध नसलेल्या गटात दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, गोळीच्या गटात ३८ जणींना. ही आठची वाढ मूळच्या ३०च्या मानाने किती, ते सांगणारा आकडा म्हणजे २६ टक्के. (तुम्ही भागाकार केलात तर २७च्या जवळ येईल. ३० आणि ३८ हे पूर्णांकात आणलेले आकडे आहेत आणि मूळ गणित थोडं वेगळ्या रीतीने करतात, म्हणून एवढा फरक.)

आता गुठळी. औषध नसलेल्या गटात दहा हजारांमागे वर्षाला ८, गोळीच्या गटात १६. दुप्पट, अगदी खरं. पण इथेही वाढल्या त्या आठच जणी! एकीकडे ‘दुप्पट’, दुसरीकडे ‘२६ टक्के’, आणि दोन्हींमागे जास्तीच्या बायका तेवढ्याच. गुठळी मुळात विरळ होती म्हणून आठच्या वाढीनेही ती दुप्पट दिसली. तुमचा चौपटीचा हिशोब नेमका इथे फसला. दोन टक्के एकमेकांशेजारी ठेवले की दोघांचा पाया एकच आहे असं मन धरून चालतं, आणि पाया तर बातमीत छापलेलाच नसतो.

निनाद, तुमचा आठ बरोबर आहे, पण ‘काहीच नाही’ हे मला पटत नाही. ते आठ एका वर्षाचे आहेत. पाच वर्षं गोळी घेतली तर सरळ हिशोबाने दहा हजारांत चाळीस होतात, म्हणजे हजारात चार.

मेघना.प
माझ्या मोठ्या बहिणीचं गर्भाशय काढलंय. ती फक्त इस्ट्रोजेनची गोळी घेते. हे वाचून मी तिला लगेच फोन करणार होते. तिचाही धोका २६ टक्क्यांनी वाढला ना?

आकडेमोड
नाही, मेघनाताई, ती वेगळी गोळी आणि चाचणीचा वेगळा भाग. तो २००४मध्ये थांबवला तो पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे. स्तनाचा कर्करोग त्यात वाढलेला दिसला नाही. बहिणीला घाबरवू नका. गोळी सुरू ठेवायची की नाही ते तिच्या डॉक्टरांनाच विचारू द्या.

जुनी_वाचक
ब्रिटनमधली १९९५ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर जात होता. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्याच सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

निनाद_क
मग माझंच म्हणणं खरं ठरलं की. टक्के छापायला बंदीच हवी.

आकडेमोड
बंदी नको, कारण दुसऱ्या बाईचा अंदाज बांधताना तेच ‘दुप्पट’ कामाला येतं. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. शर्वरीताईंच्या आयडीवरून त्या ५१च्या असाव्यात. वय आणि वजन वाढतं तसा गुठळीचा मूळ धोका वाढतो, म्हणजे त्यांचा मूळ आकडा आठपेक्षा कमी असणार. समजा तो तीन आहे. दुप्पट होऊन सहा, वाढ तीनची. आणि समजा एखादीचा मूळ धोका दहा हजारांत ८० आहे. तिच्यासाठी तेच ‘दुप्पट’ म्हणजे वर्षाला ८० जास्त, आणि तिला मी ‘बिनधास्त घ्या’ कधीच म्हणणार नाही. नुसता ‘आठ’ या दोघींपैकी कोणाचाच नाही.

वैदेही_र
पण प्रत्येक वयात ते दुप्पटच राहतं हे कशावरून?

आकडेमोड
चांगला प्रश्न. ते गृहीतच आहे. गुठळीच्या बाबतीत मला ते बऱ्यापैकी पटतं. पण हृदयविकारात पाळी थांबल्यावर लगेच गोळी सुरू करणाऱ्या आणि दहा-वीस वर्षांनी सुरू करणाऱ्या यांच्यात गुणोत्तर सारखंच असतं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मी वर पाचने सरळ गुणलं, तेही तितकंसं बरोबर नाही. गुठळीचा जास्तीचा धोका सुरुवातीच्या काळात सगळ्यात मोठा असतो. कर्करोगातला फरक मात्र पहिली काही वर्षं दिसत नव्हता, नंतर उघड झाला. म्हणजे दोन्हीकडचे आठ सरासरीत सारखे, पण अंगावर येतात वेगवेगळ्या वेळी. थोड्या काळासाठी गोळी घेणारीने गुठळीकडे जास्त लक्ष द्यावं, वर्षानुवर्षं घेणारीने कर्करोगाकडे.

शर्वरी५१
खूप आभार. वय बरोबर ओळखलंत. एक शंका राहिली. त्याच लेखात ‘खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटतं’ असंही आहे. वाचून मला फार मोठा फायदा वाटला होता.

आकडेमोड
त्यालाही तोच नियम लावा. दहा हजारांत वर्षाला १५ होते, ते १० झाले. पाच कमी. फायदा टक्क्यांत आणि तोटा नुसत्या संख्येत, किंवा उलट, असं कुठे दिसलं की दोन्ही एकाच मापात करून घ्या.

शर्वरी५१
डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न लिहून घेतलेत. माझ्या वयाला आणि वजनाला गोळीशिवाय गुठळीचा धोका दहा हजारांत किती? गोळीने तो किती होईल? आणि किती वर्षं घ्यायची? आईला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्याने फरक पडतो का?

आकडेमोड
पडू शकतो. मूळ आकडाच बदलू शकतो. सगळ्यात आधी तेच सांगा.