अल्फा चढा आला म्हणजे झालं का?

> लोकल प्रवासाच्या ताणावर १० प्रश्न केले, क्रॉनबॅक अल्फा ०.९४ आला. म्हणजे प्रश्नावली वैध ना?

नाही. अल्फा विश्वसनीयतेचा, तोही प्रश्न आपापसांत किती जुळतात एवढ्यापुरताच. 'गर्दीत घुसमट होते', 'गर्दीत जीव गुदमरतो', 'गर्दी असह्य होते' असं तेच तेच विचारलं की उत्तरं जुळणारच. १० प्रश्नांचा सरासरी सहसंबंध ०.६ असला की अल्फा ०.९४ निघतो. एवढा चढा आकडा दिसला की मला तरी आधी पुनरुक्तीचा संशय येतो.

वैधतेसाठी विचारायचं ते वेगळंच: ताण म्हणजे फक्त गर्दी का? गाडी रखडणं, दादरला उतरायला न मिळणं, लेटमार्कची धास्ती, यावर प्रश्नच नसतील तर आशय अपुरा आहे. आधी काही प्रवाशांशी मोकळेपणी बोला, मग जाणकारांकडून प्रत्येक प्रश्न आवश्यक आहे का ते तपासून घ्या. जुळे प्रश्न काढून वेगवेगळ्या पैलूंचे ५ ठेवले आणि सरासरी सहसंबंध ०.३५ झाला, तर अल्फा ०.७३ वर येईल. खुशाल येऊ द्या.

नंतर गटांची तुलना करा. दुपारच्या रिकाम्या गाडीने जाणाऱ्यांचे गुण सकाळच्या विरार फास्टवाल्यांइतकेच आले, तर तुमची प्रश्नावली भलतंच काहीतरी मोजतेय.