मदत हवी आहे: एट्सीवर एक तारा देणाऱ्या ग्राहकाला खाजगीत काय लिहावं?

मेघना_इंदूर: इंदूरहून एट्सीवर माहेश्वरी साड्या विकते. न्यू जर्सीच्या एका मराठी ताईंनी एक तारा देऊन लिहिलंय, "पहिल्याच धुण्यात मरून काठाचा रंग क्रीम अंगावर उतरला. ४,८०० रुपये पाण्यात." अजून उत्तर दिलेलं नाही. हा मसुदा केलाय, बघा:

"ताई, साडी भिजवून ठेवली असेल तर रंग जाणारच, हातमागाच्या कापडाचं असंच असतं. तरी रिव्ह्यू बदललात तर १,००० रुपये परत करते."

जोशीकाका_बडोदा: आधी सगळ्यांसमोर उत्तर टाक, आजच्या आज. गप्प बसलीस की लोक समजतात, दुकानदाराकडे उत्तरच नाही.

ताणाबाणा: काका, गूगलवर तुमचं बरोबर आहे. तिथे मालकाने उत्तर दिलं तरी ग्राहक आपला रिव्ह्यू कधीही बदलू शकतो. एट्सीवर मात्र जाहीर उत्तर टाकलं की ग्राहकाला रिव्ह्यू बदलता येत नाही. म्हणून तिथे आधी खाजगी मेसेज, आणि जाहीर उत्तर अगदी शेवटी, काहीच जमलं नाही तर.

मेघनाताई, मसुद्यात दोन गोष्टी घातक आहेत. एक, पैशांना घातलेली अट. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे देणं एट्सीच्या नियमात बसत नाही, आणि त्या ताईंनी मेसेजचा फोटो काढून दाखवला तर तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही. दुसरी, "रंग जाणारच". तो जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं, मग साडीच्या वर्णनात ते लिहिलं होतं का?

मेघना_इंदूर: नाही. पार्सलमध्ये धुण्याची चिठ्ठीही नव्हती.

ताणाबाणा: मग तेवढी चूक पहिल्याच ओळीत कबूल करा. त्यानंतर फोटो मागा, पण पुरावा मागितल्यासारखा नको. डाग कसा आहे ते बघा. काठाला समांतर सरळ पट्टा असेल तर ओली साडी घडी करून ठेवली गेली असावी. सगळीकडे ढगासारखी गुलाबी छटा असेल तर बादलीत भिजत राहिली असावी. हे त्यांना ऐकवायचं नाही. साडी सुधारण्याजोगी आहे का, आणि पुढच्या चिठ्ठीत काय लिहायचं, एवढं ठरवण्यापुरतं ते तुमच्याजवळ ठेवायचं. मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार ताई, मरून काठाचा रंग क्रीम अंगावर उतरला हे वाचलं. पहिली दोन-तीन धुणी ड्रायक्लीन करावीत, हे मी वर्णनात लिहायला हवं होतं, ते राहिलं. डागाचा एक फोटो पाठवू शकाल का? पूर्ण पैसे परत हवेत की दुसरी साडी, ते तुम्ही सांगा. ही साडी परत पाठवायची गरज नाही."

यात रिव्ह्यूचा शब्दही नाही. मुद्दामच.

स्नेहल_ग्वाल्हेर: माझा डब्यांचा व्यवसाय आहे. गूगलवर एकाने "भाजीत केस" लिहिलंय, पण नाव खोटं. त्याला खाजगीत कसं लिहू?

ताणाबाणा: गूगलवर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला मेसेज करायची सोयच नाही. जाहीर उत्तरातच आपला नंबर देऊन फोन करायची विनंती करा. ऑर्डरच्या वहीवरून अंदाजाने माणूस शोधून फोन लावू नका, तो चिडेल. चुकीचा माणूस निघाला तर आणखीच वाईट.

मेघना_इंदूर: पूर्ण ४,८००? साडी माहेश्वरहून आणते, माझ्या हातात उरतातच किती! आणि रिव्ह्यूचं विचारायचं कधी?

जोशीकाका_बडोदा: निम्मे दे. पूर्ण दिलेस की सवय लागते लोकांना.

ताणाबाणा: निम्म्याने काम होईलही, पण अंग डागाळलेली साडी नेसता येत नाही, त्यामुळे निम्म्यावर त्या खूश होतील असं वाटत नाही. ठरवायचं तुम्हीच. पैसे परत केलेत की त्यांच्या कार्डावर दिसायला काही दिवस लागतात. ते मिळाल्याचं त्यांनी कळवलं की दुसरा, वेगळा मेसेज करा:

"पैसे मिळाले हे कळलं, बरं वाटलं. रिव्ह्यूमध्ये पुढे काय झालं तेही लिहावंसं वाटलं तर `Purchases and reviews` मध्ये जाऊन तो बदलता येतो. नाही लिहिलंत तरी काही हरकत नाही."

"पाच तारे द्या" म्हणू नका. रंग उतरला हे खरंच आहे, ते त्यांनी तसंच ठेवून खाली "दुकानाने पैसे परत केले" एवढं जोडलं तरी पुढच्या गिऱ्हाइकाला पुरे. विचारायचं एकदाच, पुन्हा आठवण नको. आणि रिव्ह्यू बदलायची मुदत १०० दिवसांची असते, तेव्हा महिनाभर विचार करत बसू नका.

मेघना_इंदूर: पहिला मेसेज आत्ता पाठवला. एक राहिलं, जाहीर उत्तर टाकून नंतर पुसलं तर ग्राहकाला रिव्ह्यू पुन्हा बदलता येतो का?

ताणाबाणा: ते करून बघितलेलं नाही. कोणी केलं असेल तर लिहा.