मदत हवी आहे: लेकीला तिच्या रंगावरून बोलणं कसं थांबवू?

माझी मुलगी सहा वर्षांची, माझ्यासारखीच सावळी. चुलत बहीण गोरी. सासूबाई प्रेमानेच रोज डाळीचं पीठ, साय लावतात आणि म्हणतात, "उन्हात नको जाऊस, आणखी काळी होशील." पिठाने मळ निघतो, जन्मजात रंग नाही, हे सांगून पाहिलं. परवा तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. मला तपकिरी रंगवलं, स्वतःला मात्र फिकट गुलाबी खडूने. "हाच स्किन कलर आहे," म्हणाली. आता खेळायलाही जात नाही. (लग्नात मलाही 'रंगाने डावी, पण नाकीडोळी नीटस' म्हणाले होते. अजून आठवतं.) सासूबाईंना न दुखावता हे कसं थांबवू? आणि लेकीशी काय बोलू? कुणी यातून गेलंय का?